एडिसनच्या फ्लॅटमधला अँटेना: ७, ११ आणि १३ का येत नाहीत?

गेल्या ऑगस्टमध्ये माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला राहायला आली. केबलचं बिल नको म्हणून तिने दुकानातून कागदासारखा पातळ, चौकोनी अँटेना आणला, टीव्हीमागे भिंतीवर चिकटवला आणि स्कॅन केलं. शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "मामा, चाळीसच्या वर चॅनल आले. पण ७ नाही, ११ नाही, १३ पण नाही. २, ४, ५ मात्र एकदम स्वच्छ. टीव्ही खराब आहे का?"

टीव्ही खराब नव्हता आणि अँटेनाही बिघडलेला नव्हता. न्यूयॉर्कच्या आसपास घरात अँटेना लावणाऱ्या बहुतेक नवख्यांना नेमके हेच तीन चॅनल सापडत नाहीत. त्याचं कारण समजलं की अँटेना कोणता घ्यायचा, कुठे ठेवायचा आणि स्कॅन कधी करायचं हे आपोआप कळतं. म्हणून तिच्या घरी जे केलं ते क्रमाने सांगतो. तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तर चॅनलचे नंबर बदलतील, पण पद्धत हीच राहील.

पडद्यावरचा नंबर आणि हवेतला नंबर

अमेरिकेत मोठ्या स्टेशनांचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झालं आणि सगळं डिजिटल झालं. त्या बदलात बऱ्याच स्टेशनांनी हवेतली जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, बदलली. लोकांच्या ओळखीचा नंबर मात्र त्यांनी सोडला नाही. त्यामुळे टीव्हीवर दिसणारा २.१ हा नंबर म्हणजे दारावरची पाटी आहे. स्टेशन प्रत्यक्षात राहतं दुसरीकडेच.

न्यूयॉर्कचंच बघा. पाटीवर २ असलेलं सीबीएस हवेत ३६ नंबरवर आहे आणि पाटीवर ४ असलेलं एनबीसी ३५ वर. पाटीवर ५ असलेलं फॉक्स २७ वर आहे. हे तिन्ही यूएचएफ पट्ट्यात येतात. हा पट्टा १४ ते ३६ नंबरचा, आखूड लहरींचा. उलट ७ वरचं एबीसी हवेतही ७ वरच आहे, ११ हे ११ वर आणि १३ वरचं पीबीएस १२ वर. हे तिघे व्हीएचएफच्या वरच्या भागात, म्हणजे ७ ते १३ मध्ये येतात. त्यांच्या लहरी बऱ्याच लांब असतात.

लहरीची लांबी आणि अँटेनाची लांबी यांचं नातं सरळ आहे. लहरीच्या साधारण अर्धी लांबी असलेला धातू ती लहर चांगली पकडतो. ३६ नंबरची लहर जेमतेम अर्धा मीटर लांब असते, तिला २५ सेंटीमीटर पुरतात. ७ नंबरची लहर सुमारे १.७ मीटर लांब असते, तिला ८० ते ८५ सेंटीमीटर लागतात. भाचीचा पातळ अँटेना होता एक फूट रुंद. तो २, ४, ५ आनंदाने पकडत होता आणि ७, ११, १३ त्याच्या अंगावरून निघून जात होते.

पुण्यामुंबईतल्या गच्च्यांवर दूरदर्शनचे अँटेना ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल, त्यांच्या आडव्या दांड्या चांगल्या हातभर लांब असायच्या. त्या उगीच लांब नव्हत्या. ते प्रक्षेपणही व्हीएचएफवरच होतं.

खरेदीच्या आधी दोन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट म्हणजे टीव्हीत ट्यूनर आहे का. मार्च २००७ पासून अमेरिकेत बनवून बाजारात पाठवलेल्या किंवा आयात झालेल्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर असणं बंधनकारक झालं. पण मॉनिटर म्हणून विकलेल्या पडद्यात तो नसतो. मागे वाटोळं, आटे असलेलं, मधोमध बारीक भोक असलेलं सॉकेट दिसलं आणि त्यावर `ANT IN` किंवा `ANT/CABLE` लिहिलेलं असलं की ट्यूनर आहे. भारतातून आणलेल्या टीव्हीलाही असं सॉकेट असू शकतं, पण तिथली प्रक्षेपण पद्धत वेगळी असल्यामुळे त्याला इथले चॅनल ओळखता येत नाहीत. अशा टीव्हीसाठी वेगळा अमेरिकी ट्यूनर बॉक्स घेऊन तो एचडीएमआयला जोडावा लागतो.

दुसरी गोष्ट, टॉवर कुठे आणि किती लांब आहेत. `rabbitears.info` या साइटवर पत्ता टाकला की तुमच्या जागी कोणतं स्टेशन किती जोरात पोचतं, कोणत्या दिशेने येतं आणि हवेत खरं कोणत्या नंबरवर आहे, हे सगळं एका यादीत मिळतं. सरकारी एफसीसीच्या साइटवरही असाच नकाशा आहे. यादी उघडल्यावर आधी खरा नंबर बघा. तो ७ ते १३ मध्ये असेल तर त्याच्यापुढे खूण करा. अँटेना निवडताना हीच खूण कामाला येते.

भाचीच्या पत्त्यावरून एम्पायर स्टेट बिल्डिंग सुमारे २७ मैलांवर, ईशान्येला येते. न्यूयॉर्कची मोठी स्टेशनं तिथून आणि खालच्या मॅनहॅटनमधल्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून प्रक्षेपण करतात. एडिसनवरून बघताना दोन्हींची दिशा जवळपास एकच. फिलाडेल्फियाचे टॉवर मात्र पन्नासएक मैलांवर, बरोबर उलट्या दिशेला, नैऋत्येला आहेत. घरातल्या अँटेनाने ते येतील अशी आशा मी धरली नाही, तुम्हीही धरू नका. खोक्यावर "२०० मैल" छापलेलं असलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. पृथ्वीच्या गोलाईमुळे उंच टॉवरचा सिग्नलही साठ-सत्तर मैलांपलीकडे सहसा पोचत नाही, मग अँटेना कितीही महाग असो.

कोणता अँटेना

तुमच्या यादीत फक्त यूएचएफ असेल तर पातळ चौकोनी अँटेना पुरतो. व्हीएचएफची खूण एकापुढे जरी असली तर जुन्या पद्धतीचा, दोन लांबवता येणाऱ्या दांड्या आणि मधे एक गोल किंवा चपटी कडी असलेला अँटेना घ्या. इथे त्याला 'रॅबिट इअर्स' म्हणतात. दांड्या व्हीएचएफसाठी असतात आणि कडी यूएचएफसाठी. दिसायला तो जुनाट वाटतो आणि दुकानात स्वस्तातल्या कप्प्यात असतो, पण न्यूयॉर्कच्या परिसरात मी महागड्या पातळ अँटेनापेक्षा हाच घ्यायला सांगेन. भाचीसाठी आम्ही असाच एक साधा, अँप्लिफायर नसलेला आणला.

अँप्लिफायरबद्दल इथेच सांगतो. तो अँटेनाला न सापडलेला सिग्नल निर्माण करत नाही. अँटेनाने जे पकडलं तेच, गोंगाटासकट, मोठं करून पुढे पाठवतो. लांब केबल किंवा दोन टीव्हींना वाटणी असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो. टॉवर वीस-तीस मैलांत असतील तर उलट जोरदार स्टेशनांनी ट्यूनर गुदमरतो आणि आधी येणारे चॅनलही जातात. तुमच्या अँटेनाला तो आधीच असेल आणि वेगळा काढता येत असेल, तर पहिलं स्कॅन तो काढूनच करा. काढता येत नसेल तर त्याची यूएसबी वायर नक्की लावा, कारण वीज न मिळालेला अँप्लिफायर बहुतेक वेळा सिग्नल अडवूनच धरतो.

जोडणी

ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण एक चूक सारखी होते. केबलच्या टोकाला आट्याची टोपी असते आणि तिच्या मधोमध तांब्याची केसासारखी बारीक पिन. घाईत टोपी तिरकी लावली की ही पिन भोकात न जाता दुमडते. बाहेरून जोडणी घट्ट दिसते आणि स्कॅनमध्ये शून्य चॅनल येतात. म्हणून टोपी लावायच्या आधी पिन उजेडात धरून बघा. वाकली असेल तर नखाने हलकेच सरळ करा, भोकात शिरल्याचं बोटांना जाणवू द्या आणि मगच टोपी फिरवा. बोटांनी घट्ट बसेल तेवढंच फिरवायचं, पक्कड लावायची नाही.

अपार्टमेंटच्या भिंतीत असंच एक सॉकेट असतं, ते वापरू नका. ती केबल कंपनीची लाइन असते. अँटेनाची वायर सरळ टीव्हीच्या मागेच गेली पाहिजे.

जागा: स्कॅनच्या आधी, नंतर नाही

स्कॅन म्हणजे टीव्हीने हवेतल्या एकेका नंबरवर थांबून "इथे कोणी आहे का" असं विचारणं. त्या क्षणी जे स्टेशन पुरेसं स्पष्ट ऐकू आलं त्याची पाटी टीव्ही आपल्या यादीत लिहितो. जे ऐकू आलं नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं. नंतर तुम्ही अँटेना कितीही चांगल्या जागी नेलात तरी रिमोटवर ते स्टेशन येणार नाही. म्हणून आधी जागा आणि मग स्कॅन.

जागा शोधताना फोनमधलं होकायंत्र उघडा आणि टॉवरच्या दिशेची खिडकी बघा. भाचीच्या बैठकीच्या खोलीची खिडकी नैऋत्येला होती, म्हणजे बरोबर उलटी. ईशान्येची खिडकी झोपायच्या खोलीत. आम्ही वीस फुटांची केबल आणली, भिंतीच्या कडेने ओढली आणि अँटेना त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. केबल लांबल्याने सिग्नल थोडा कमी होतो, पण दोन भिंती ओलांडण्यात जातो त्यापेक्षा ते नुकसान खूपच कमी आहे.

खिडकी चांगली, पण प्रत्येक खिडकी नाही. धातूची जाळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे पडदे सिग्नल अडवतात. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून काही नव्या काचांवर धातूचा न दिसणारा थर दिलेला असतो, तो तर फारच अडवतो. अशा वेळी काचेला चिकटवण्यापेक्षा शेजारच्या लाकडी भिंतीवर, उंचावर ठेवलेला अँटेना चांगला चालतो. टीव्हीच्या अगदी मागे, हीटरच्या वर किंवा वायफाय राउटरला खेटून मात्र ठेवू नका.

आता दांड्या. ७ ते १३ या पट्ट्यासाठी प्रत्येक दांडी साधारण ३८ ते ४० सेंटीमीटर, म्हणजे १५-१६ इंच बाहेर काढायची. पूर्ण लांब काढल्या की चांगलं, असा समज असतो, पण तो चुकीचा आहे. अनेक अँटेनांच्या दांड्या त्याहून बऱ्याच लांब निघतात आणि तेवढ्या काढल्या तर या पट्ट्यासाठी त्या जास्त होतात. टेपने मोजाच. मग दोन्ही दांड्या उभ्या न ठेवता जवळपास आडव्या पसरा. पसरलेल्या दांड्यांची रेघ टॉवरकडे रोखायची नाही, तर टॉवरला आडवी ठेवायची. टॉवर ईशान्येला असेल तर दांड्या वायव्येकडून आग्नेयेकडे. दांडीच्या टोकाकडून येणारा सिग्नल तिला जवळजवळ पकडताच येत नाही. भाचीने त्या हौसेने टॉवरकडे रोखल्या होत्या. मी फोनवर व्हिडिओ बघून त्या फिरवायला लावल्या.

स्कॅन

टीव्हीच्या सेटिंगमध्ये `Channels`, `Broadcasting` किंवा `Live TV` अशा नावाखाली `Auto Program`, `Auto Tuning` किंवा `Channel Scan` सापडेल. त्यात सिग्नल कुठून येतो असं विचारलं की `Antenna` किंवा `Air` निवडा. `Cable` निवडलं तर टीव्ही वेगळ्याच पद्धतीचा सिग्नल शोधत बसतो आणि दहा मिनिटांनी हात हलवत परत येतो. "एकही चॅनल नाही" अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच विचारतो.

स्कॅन चालू असताना अँटेनासमोरून ये-जा करू नका, अँटेना हलवू नका आणि मधेच थांबवू नका. टीव्हीप्रमाणे चार-पाच मिनिटांपासून पाव तासापर्यंत वेळ लागतो.

शेवटी टीव्ही मोठा आकडा दाखवतो: ४३, ५७, असं काहीतरी. त्या आकड्यावर जाऊ नका. एकेका स्टेशनच्या जागेत पाच-सहा चॅनल बसलेले असतात, ४.१, ४.२, ४.३ असे. दोन जोरदार स्टेशनं सापडली तरी आकडा फुगतो. त्याऐवजी एका कागदावर तुमच्या भागातल्या मुख्य सहा स्टेशनांची नावं लिहा आणि स्कॅननंतर त्या सहांवर खुणा करा. भाचीच्या पहिल्या स्कॅनमध्ये चाळीसच्या वर चॅनल होते, पण सहापैकी तीनच स्टेशनं होती. त्या कागदावर ते लगेच दिसलं असतं.

आधी दुसऱ्या घरात वापरलेला टीव्ही असेल किंवा एखादं स्टेशन हवेतल्या नव्या जागी गेलं असेल, तर यादीत जुनी नोंद अडकून बसते. नंबर दिसतो पण चित्र येत नाही. त्यावर उपाय असा: अँटेनाची वायर काढा आणि तशीच रिकामी स्कॅन करा. शून्य चॅनल येतील आणि यादी पुसली जाईल. टीव्हीचा प्लग काढून मिनिटभर थांबा. मग वायर लावून पुन्हा स्कॅन करा. २०१७ ते २०२० दरम्यान ३८ ते ५१ हे नंबर मोबाइल कंपन्यांना गेले आणि शेकडो स्टेशनं हलली. त्या काळात असं दुहेरी स्कॅन इथे अनेकांना करावं लागलं होतं.

तीनपैकी दोन आले, एक राहिला

नवा अँटेना, ईशान्येची खिडकी, मोजलेल्या दांड्या. दुसऱ्या स्कॅनमध्ये भाचीला ११ आणि १३ मिळाले. ७ यादीत आला, पण चित्राचे चौकोन होऊन तुटत होते आणि आवाज मधेच जात होता.

डिजिटलमध्ये चित्र हळूहळू मुंग्या येऊन खराब होत नाही. सिग्नल एका मर्यादेच्या वर असेपर्यंत ते अगदी स्वच्छ असतं, मर्यादेजवळ आलं की चौकोन पडतात आणि खाली गेलं की पडदा काळा. म्हणजे चौकोन दिसणं ही तशी चांगली बातमी आहे, थोडंच कमी पडतंय. अशा वेळी टीव्हीच्या मेनूत `Signal Strength` किंवा `Signal Quality` शोधा. दोन्ही आकडे असतील तर क्वालिटी बघा. जोर भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर सिग्नल पोचतोय, पण काहीतरी तो खराब करतंय. इमारतींवरून परतून आलेला तोच सिग्नल असेल किंवा घरातली विजेची एखादी वस्तू.

भाचीच्या टीव्हीवर ७ चा जोर ठीक होता, क्वालिटी खालीवर उड्या मारत होती. मी तिला खोलीतली एकेक वस्तू बंद करायला सांगितली. फोनचा चार्जर, काही फरक नाही. पंखा, नाही. पलंगाशेजारचा एलईडीचा दिवा बंद केला आणि आकडा चढून स्थिर झाला. स्वस्त एलईडी दिव्यांतलं सर्किट व्हीएचएफ पट्ट्यात गोंगाट सोडतं आणि तो दिवा अँटेनापासून दोन फुटांवर होता. दिवा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेला, बल्ब बदलला आणि ७ टिकला. तुमच्याकडे रात्रीच चॅनल तुटत असेल तर आधी दिव्यांकडे बघा.

बसलेली जागा खुणेसाठी रंगाऱ्याच्या निळ्या टेपने कट्ट्यावर आखून ठेवा. झाडू मारताना अँटेना सहा इंच सरकला तरी चॅनल जायला तेवढं पुरे होतं.

एप्रिलअखेर तिचा पुन्हा फोन आला. हिवाळाभर उत्तम चाललेला ५ तुटायला लागला होता, ७ मात्र ठीक. खिडकीसमोरच्या झाडाला पानं फुटली होती. ओली पानं यूएचएफच्या आखूड लहरी जास्त शोषतात, व्हीएचएफच्या लांब लहरींना त्यांचा तेवढा त्रास होत नाही. आम्ही अँटेना कट्ट्यावरून उचलून खिडकीच्या बाजूच्या फडताळावर, दोन फूट वर ठेवला आणि दांड्यांची दिशा तीच ठेवली. ५ परत आला. या वेळी स्कॅन केलं नाही. चॅनल यादीत असेल तर अँटेना हलवून नुसतं चित्राकडे बघायचं. अशा वेळी घाईने स्कॅन केलं आणि नेमकं त्या क्षणी ते स्टेशन ऐकू आलं नाही, तर असलेली नोंदही पुसली जाते.